पहिला माणूस नेमताना: प्रिंटर दुरुस्तीच्या एका व्यवसायाचं प्रकरण

लहान व्यवसायांना माणसं निवडायला मदत करणं हे माझं काम आहे. त्यातही पहिल्या नेमणुकीची प्रकरणं मी जास्त लक्ष देऊन करतो. दहा माणसांच्या ठिकाणी अकरावा चुकीचा आला, तर बाकीचे थोडं थोडं ओढून नेतात. एकट्याच्या व्यवसायात मात्र चुकलेली पहिली नेमणूक म्हणजे मालकाचं काम कमी होण्याऐवजी वाढतं. इथे मांडतोय ते प्रकरण एका बाईंचं आहे. त्या कार्यालयांमधले प्रिंटर दुरुस्त करतात, 38 ग्राहकांशी त्यांचे वार्षिक देखभाल करार आहेत आणि सात वर्षं त्या सगळं एकट्याने सांभाळत होत्या.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा जाहिरात लिहूनच आल्या होत्या. पदाचं नाव 'ऑफिस असिस्टंट कम टेक्निशियन'. खाली सतरा कामं: दुरुस्ती, फोन, बिलं, वसुली, नवे ग्राहक मिळवणं, सोशल मीडिया, पार्ट्स आणणं, गोदाम लावणं वगैरे. त्याखाली अपेक्षा: पदवीधर, किमान तीन वर्षांचा अनुभव, उत्तम संवादकौशल्य, दबावाखाली काम करण्याची तयारी, स्वतःची दुचाकी, मेहनती आणि प्रामाणिक.

मी त्यांना एकच विचारलं, "हा माणूस सोमवारी सकाळी आला, तर पहिले दोन तास काय करेल?"

त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "मी जिथे जाईन तिथे माझ्याबरोबर येईल."

म्हणजे काम ठरलेलं नव्हतं, फक्त दमणूक ठरलेली होती. पहिली नेमणूक करणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. वर्णन लिहायला बसलं की आपण जे जे करतो ते सगळं त्यात उतरवतो, आणि शेवटी आपल्याच प्रतिकृतीची जाहिरात तयार होते. तसा माणूस मिळत नाही. मिळाला तरी टिकत नाही, कारण ज्याला हे सगळं येतं तो स्वतःचाच व्यवसाय काढतो.

आधी वेळेची नोंद

जाहिरात बाजूला ठेवून आम्ही दोन आठवड्यांची नोंद धरली. रीत साधी होती. खिशात छोटी वही आणि दर अर्ध्या तासाला एक ओळ: काय केलं, कुणाकडे, त्या कामात अडथळा आला का. दिवसाअखेरी आठवून लिहायचं नाही हा एकच कडक नियम. संध्याकाळी आठवतात ती मोठी कामं. मधली पाच-पाच मिनिटांची कामं गळून जातात, आणि इथे तर तीच शोधायची होती.

बारा दिवसांत 118 तास भरले. त्यातले 47 तास प्रत्यक्ष दुरुस्तीत गेले होते आणि 21 प्रवासात. फोन आणि वेळा ठरवणं यात 26, बिलं आणि वसुलीत 11, पार्ट्स मागवण्यात 9, किरकोळ 4. नोंद धरण्याआधी त्यांचा अंदाज होता की फोनवर रोज 'जेमतेम तासभर' जातो. प्रत्यक्षात दोन तासांच्या वर जात होता.

एवढ्यावर थांबलो असतो तर 'फोन घ्यायला कुणीतरी ठेवा' असं म्हणून मोकळे झालो असतो, आणि ती चूक झाली असती. म्हणून आम्ही तक्रारींचे फोन एकेक करून पाहिले. दोन आठवड्यांत 74 तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी 19 ठिकाणी जाण्याची गरजच नव्हती: कागदाचा ट्रे नीट बसलेला नव्हता, नेटवर्क तुटलं होतं, वेगळ्याच मॉडेलचं कार्ट्रिज घातलं होतं. तरी त्यांतल्या 11 ठिकाणी त्या जाऊन आल्या होत्या. शिवाय 9 ठिकाणी दोनदा जावं लागलं होतं, कारण पहिल्या खेपेला बरोबर नेलेला पार्ट वेगळाच निघाला.

असं का झालं, हे त्यांनी सांगितलेल्या एका प्रसंगात नीट दिसतं. एका ग्राहकाकडे त्या फ्यूजर, म्हणजे उष्णतेने टोनर कागदावर पक्का करणारा भाग, काढत होत्या. दोन्ही हात टोनरने काळे. फोन वाजला. खांदा आणि कान यांत फोन धरून त्यांनी ऐकलं: "प्रिंट खराब येतेय." त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी येते." आणि फोन ठेवला. हात मोकळे असते तर त्यांनी विचारलं असतं की पानावरचा डाग ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येतोय का. लेझर प्रिंटरमध्ये ड्रम किंवा रोलरवर ओरखडा पडला की त्याच्या प्रत्येक फेऱ्याला पानावर खूण उमटते, म्हणून दोन खुणांमधलं अंतर मोजलं की कुठला भाग बिघडला ते जागच्या जागी कळतं. अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ती पुसली गेली, तर दोष बहुधा फ्यूजरचा असतो. हे दोन प्रश्न त्या झोपेतही विचारतील. पण विचारायला वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या ड्रम घेऊन गेल्या आणि हवा होता फ्यूजर.

इथे पदाचा गाभा सापडला. व्यवसायाला दुसरा तंत्रज्ञ नको होता आणि 'फोन उचलणारं' कुणी नको होतं. हवा होता तक्रार नीट काढून घेणारा माणूस: धीराने प्रश्न विचारणारा, मिळालेलं उत्तर कमीजास्त न करता लिहिणारा, आणि मग वेळ नि पार्ट जुळवणारा.

मग तासांचा हिशेब. फोनच्या 26 तासांपैकी 19 दुसऱ्याला देता येत होते. उरलेले 7 तांत्रिक बोलण्याचे होते, ते मालकीणबाईंकडेच राहणार. बिलांचे 9 आणि पार्ट्सचे 8 तास देता येत होते. एकूण 36, म्हणजे आठवड्याला 18 तास. हे पूर्ण वेळेचं काम नव्हतं. हा आकडा पाहून त्या खट्टू झाल्या, कारण त्यांच्या मनात 'दिवसभराचा माणूस' होता. पण फोनच्या वेळा पाहिल्यावर दिसलं की दोन-तृतीयांश फोन दुपारी दीडच्या आत येतात. कार्यालयं उघडतात, लोक पहिलं पान छापायला जातात आणि तक्रारी सुरू होतात. म्हणून पद ठरलं रोज चार तासांचं, साडेनऊ ते दीड, आठवड्याचे सहा दिवस. 24 तासांपैकी 18 ओळखीच्या कामाचे आणि उरलेले 6 करारातल्या नियमित देखभाल-भेटींचं वेळापत्रक लावण्याचे. या भेटी वर्षभर मागे पडत होत्या.

दोन आठवड्यांची नोंद लहान असते, हे धरून चालावं लागतं. आमच्या पंधरवड्यात महिनाअखेर आली नव्हती. म्हणून गेल्या तीन महिन्यांची बिलं काढून तारखा पाहिल्या. शेवटच्या चार दिवसांत बिलांचं काम जवळजवळ दुप्पट होत होतं, म्हणून त्या दिवसांत एक तास जास्त लागेल असं वर्णनात लिहून टाकलं.

अपेक्षांची छाटणी

आता जुन्या जाहिरातीतल्या अपेक्षा एकेक करून पुढे घेतल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न लावला: हे नसलेला माणूस आला, तर पहिल्या तीन महिन्यांत नेमकं कुठलं काम अडेल?

दुचाकी: काहीच अडत नाही, हा माणूस वर्कशॉपमध्येच बसणार. गेली. पदवी: "शिकलेला असला की बरं," असं त्या म्हणाल्या, पण अडणारं काम सांगता येईना. गेली. 'मेहनती आणि प्रामाणिक' याचंही तसंच. जगातला कुणीही अर्जदार स्वतःला आळशी म्हणवून घेत नाही, त्यामुळे हे शब्द वाचून एकही माणूस मागे फिरत नाही आणि एकही पुढे येत नाही.

'तीन वर्षांचा अनुभव' यावर आमचा बराच वेळ गेला. त्यांना तो आधार वाटत होता आणि मला ते समजतं. पहिल्यांदा माणूस नेमताना काहीतरी मोजता येण्याजोगं हाती हवं असतं. पण वर्षांची संख्या हे मोजायला सोपं आणि सांगायला दुबळं माप आहे. 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला होता. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच आकडेमोड नव्याने तपासली आणि बरेच जुने आकडे खाली आणले. दोघांच्या आकड्यांत फरक आहे, पण एका बाबतीत मेळ आहे: अनुभवाची नुसती वर्षं पुढच्या कामगिरीबद्दल फार थोडं सांगतात, आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या मापाने गुण देणारी मुलाखत बरंच जास्त सांगते. म्हणून वर्षं काढली आणि त्यामागचं खरं म्हणणं शोधलं. त्यांना भीती होती ती चिडलेल्या ग्राहकाची. मग अपेक्षा अशी लिहिली: 'चिडलेल्या किंवा घाईत असलेल्या माणसाकडून फोनवर किंवा समोर माहिती काढून घेण्याचं काम कधीतरी केलेलं असावं, कुठल्याही क्षेत्रात चालेल.' 'उत्तम संवादकौशल्य' आणि 'दबावाखाली काम' हे दोन्ही याच एका ओळीत आले.

प्रिंटरची माहिती मागायची का, यावर त्या आधी ठाम 'हो' होत्या. मी विचारलं, "तक्रार घेण्यापुरतं शिकवायला किती दिवस लागतील?" त्यांनी हिशेब केला: मॉडेल ओळखणं, पाच-सहा नेहमीचे बिघाड, प्रश्नांची यादी. दोन आठवडे. दोन आठवड्यांत शिकवता येणारी गोष्ट मी अटींमध्ये ठेवत नाही. तिच्यासाठी अर्जदारांची चाळण केली तर बारा-पंधरा दिवस वाचतात आणि शिकवता न येणारा गुण हातचा जातो. धीराने विचारण्याची सवय दोन आठवड्यांत लावता येत नाही.

शेवटी वर्णन असं झालं. पूर्णच देतो.

> पद: सेवा समन्वयक (रोज चार तास, सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड, सोमवार ते शनिवार, महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत एक तास जास्त, त्याचा मोबदला वेगळा)
>
> हे पद कशासाठी: आमच्याकडे प्रिंटर दुरुस्तीच्या दिवसाला सहा-सात तक्रारी येतात. तंत्रज्ञ एकच आहे. तक्रार आली की तिची नीट माहिती घेऊन, शक्य असेल तर फोनवरच ती सोडवणं आणि नसेल तर योग्य पार्टसह योग्य वेळी भेट ठरवणं, हे या पदाचं मुख्य काम आहे.
>
> वेळ कुठे जाईल: जवळपास चाळीस टक्के तक्रारी आणि भेटींच्या वेळांमध्ये, एक-तृतीयांशाहून थोडा जास्त बिलं, थकबाकीची आठवण आणि पार्ट्सच्या मागणीत, उरलेला पाव हिस्सा करारातल्या नियमित भेटींचं वेळापत्रक लावण्यात.
>
> तीन महिन्यांनी काय दिसायला हवं: प्रत्येक तक्रारीची नोंद त्याच दिवशी पूर्ण, चुकीच्या पार्टमुळे होणाऱ्या दुसऱ्या खेपा आतापेक्षा निम्म्या, काम झाल्यापासून दोन दिवसांत बिल रवाना.
>
> काय यायला हवं: समोरच्याकडून धीराने माहिती काढणं, ती स्पष्ट लिहिणं, स्प्रेडशीटमध्ये नोंद ठेवणं.
>
> काय आम्ही शिकवू: प्रिंटरची ओळख, नेहमीचे बिघाड, आमची बिलाची पद्धत. पहिले दोन आठवडे त्यासाठी आहेत.
>
> काय जड जाऊ शकतं: बहुतेक वेळ वर्कशॉपमध्ये तुम्ही एकटे असाल. काही ग्राहक रागावलेले असतात. सकाळी फोन पाठोपाठ येतात.
>
> अर्जासोबत दोन प्रश्नांची उत्तरं, प्रत्येकी दहा ओळींच्या आत: (1) ग्राहक फोनवर एवढंच म्हणतो, 'मशीन चालत नाही.' तुम्ही पहिले चार प्रश्न कोणते विचाराल, आणि का? (2) तुम्ही स्वतः ठेवलेल्या कुठल्याही नोंदीबद्दल सांगा: कशाची होती, कशी ठेवलीत, चूक झाली तर कशी सापडायची?

पगाराचा आकडाही त्यात होता. त्या आधी 'योग्यतेनुसार' लिहिणार होत्या. मी आग्रह धरला, कारण अर्धवेळच्या पदात आकडा लपवला की ज्यांना तो परवडणार नाही तेही मुलाखतीपर्यंत येतात आणि दोघांचाही दिवस वाया जातो.

'काय जड जाऊ शकतं' हा भाग ठेवायला त्या कचरत होत्या. पण एकटेपणा सहन न होणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात सोडून गेला असता. त्याने अर्जच न करणं दोघांच्याही हिताचं होतं.

अर्ज उघडण्याआधीचे निकष

निकष पहिला अर्ज वाचण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवायचे. हे मी कधीच सोडत नाही. अर्ज वाचल्यावर लिहिलेले निकष आवडलेल्या माणसाभोवती बेतले जातात, आणि बेतणाऱ्याला ते कळतही नाही.

निकषांचे दोन प्रकार वेगळे ठेवले. पहिला प्रकार अटींचा, ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही. अशा दोनच होत्या: दिलेल्या वेळेत काम करता येणं आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरं पाठवणं. दुसरा प्रकार गुणांचा. त्यात चार रकाने: प्रश्न विचारण्याची पद्धत, नोंदीची शिस्त, अवघड माणसांशी आलेला संबंध आणि पाठपुरावा. प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 12. वय, लग्न झालं आहे की नाही, मुलंबाळं, कामातला खंड यांतलं काहीही रकान्यात नव्हतं आणि शेऱ्यातही लिहायचं नाही असं ठरलं.

आकड्यांना अर्थ देणं हे यातलं कष्टाचं काम. '3 म्हणजे उत्तम' असं लिहून काही ठरत नाही. पहिल्या प्रश्नासाठी आम्ही असं लिहिलं: थेट 'माणूस पाठवतो' असं उत्तर असेल तर 0. नाव, पत्ता, मॉडेल असे कुठल्याही तक्रारीला लागू पडणारे प्रश्न असतील तर 1. बिघाडाबद्दल प्रश्न आहेत, पण सुटे सुटे आहेत, तर 2. आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरत असेल, किंवा तो का विचारला याचं कारण पटणारं असेल, तर 3.

चारही रकान्यांना समान वजन दिलं. 'प्रश्न विचारणं जास्त महत्त्वाचं, त्याला दुप्पट देऊया,' असं त्या म्हणत होत्या. रॉबिन डॉज या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये दाखवून दिलं होतं की रकाने नीट निवडले असतील तर समान वजनाची साधी बेरीजही जाणकाराच्या एकूण अंदाजापेक्षा बहुधा सरस ठरते. पहिल्यांदा माणूस नेमणाऱ्याने वजनांचा घोळ घालण्यापेक्षा तो वेळ 0 ते 3 चा अर्थ लिहिण्यात घालवावा.

मग चाचणी. आलेल्यांपैकी कुठलेही पाच अर्ज उचलले आणि दोघांनी वेगवेगळे बसून गुण दिले. एका अर्जावर आमचं जुळेना. अर्जदाराने पाच वर्षं कॉल सेंटरमध्ये काम केलं होतं. 'अवघड माणसांशी संबंध' या रकान्यात त्यांनी 3 दिले होते, मी 1.

"पाच वर्षं रोज शिव्या खाल्ल्यात त्याने," त्या म्हणाल्या.

"खाल्ल्या असतील. पण अर्जात तसं कुठे लिहिलंय? एका तरी ग्राहकाचं त्याने काय केलं, ते कुठे आहे?"

दोष माझाही नव्हता आणि त्यांचाही नव्हता. आम्ही लिहिलेला अर्थ सैल होता. तो घट्ट केला: नुसती कामाची जागा सांगितली असेल तर 1, प्रसंग सांगितला असेल तर 2, प्रसंगात स्वतः काय केलं आणि पुढे काय झालं हे असेल तर 3. अर्जात असे प्रसंग येण्याची वाट मात्र आम्हीच नीट ठेवली नव्हती. दोन प्रश्नांपैकी एकातही तो विचारलेला नव्हता, त्यामुळे या रकान्यात बहुतेकांना 1 च मिळाला आणि तो रकाना जवळपास निकामी झाला. पुढच्या वेळी गुणांचा प्रत्येक रकाना अर्जातल्या कुठल्या जागेवरून भरायचा, हे आधी बाणाने जोडून घ्यायचं असं मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे.

43 अर्ज

एकूण 43 अर्ज आले. 12 जणांनी उत्तरं पाठवली नव्हती. त्यांना सरसकट बाद करण्याऐवजी सगळ्यांना एकच निरोप दोन दिवसांच्या मुदतीने पाठवला, कारण काही ठिकाणी अर्ज पुढे पाठवले जाताना प्रश्न गळून गेल्याचं दिसत होतं. चौघांनी उत्तरं दिली, आठ बाद झाले. वेळ न जमणारे सात. उरले 28.

गुण देताना एक अर्ज पूर्ण तपासून मग दुसरा, असं केलं नाही. आधी 28 जणांचं पहिलं उत्तर, मग 28 जणांचं दुसरं, अशा रीतीने रकान्यानुसार गेलो. एका गोष्टीत छाप पडली की माणसाच्या बाकीच्या गोष्टींनाही आपण वर ओढतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच दाखवलं होतं, आणि सुबक मांडलेला अर्ज हाती आला की ते घडताना जाणवतं. रकान्यानुसार गेलं की आधीच्या रकान्यात त्या माणसाला काय मिळालं ते डोळ्यांपुढे राहत नाही.

मुलाखती सहाच घ्यायच्या असं आधी ठरलं होतं, कारण मालकीणबाईंना दोनच दुपारी मोकळ्या होत्या. 9 किंवा अधिक गुणांचे पाच निघाले आणि 8 गुणांवर दोघं. चिठ्ठी टाकण्याऐवजी दोघांनाही बोलावलं. सात झाले.

याच वेळी खरी कसोटी आली. एका ओळखीच्यांनी पाठवलेला अर्ज होता, आठ वर्षं प्रिंटर तंत्रज्ञ म्हणून काम केलेल्या माणसाचा. गुण 5. पहिल्या प्रश्नाला उत्तर होतं, 'मॉडेल विचारून लगेच जाऊन पाहीन.' त्या दिवसभर त्या अर्जाशी अडखळत राहिल्या. "हा आला तर माझी निम्मी दुरुस्ती होईल हो."

होईलच. पण मग फोन कोण घेणार? दोघंही हात काळे करून बाहेर, आणि तक्रारी पूर्वीसारख्याच अर्धवट. शिवाय तंत्रज्ञ घ्यायचा असेल तर ते वेगळं पद आहे, त्याचं वर्णन वेगळं, आणि मग बाकी 42 जणांना ते पद आहे हे सांगितलेलंच नाही. मी त्यांना म्हटलं, "निकष बदलायचे असतील तर जरूर बदला, पण मग सगळे अर्ज नव्या निकषांनी पुन्हा तपासावे लागतील." एका अर्जासाठी निकष वाकवले की बाकीचे गुण निरर्थक होतात. त्यांनी त्या माणसाला मोकळेपणाने कळवलं की हे पद त्यांच्यासाठी नाही, पुढे तंत्रज्ञाचं पद निघालं तर आधी कळवू, आणि त्यांची परवानगी घेऊन नाव वेगळं ठेवलं.

उलट बाजूचा एक अर्ज मला आजही आठवतो. नोकरीत सहा वर्षांचा खंड, कार्यालयीन अनुभव शून्य. एका वाचनालयात स्वेच्छेने पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवत होत्या. पहिल्या प्रश्नाला त्यांनी लिहिलं होतं: 'चालत नाही म्हणजे काय दिसतं? दिवा लागतो का? शेवटचं कधी नीट चाललं? त्यानंतर मशीनमध्ये किंवा खोलीत काय बदललं?' शेवटच्या प्रश्नाचं कारण: 'बहुतेक गोष्टी आपोआप बिघडत नाहीत.' त्यांचे गुण 9 झाले. जुन्या जाहिरातीने त्यांना पहिल्याच ओळीत बाहेर ठेवलं असतं.

कागदाची मर्यादा

मुलाखतीत सगळ्यांना तेच पाच प्रश्न आणि एक फोनची चाचणी होती. मी दुसऱ्या खोलीतून चिडलेला ग्राहक म्हणून फोन करायचा, अर्जदाराने दहा मिनिटांत तक्रार घ्यायची आणि नंतर पाच मिनिटांत नोंद लिहायची. बिघाड एकच ठरवलेला: पानावर ठराविक अंतराने काळी खूण. मी आपणहून फक्त 'प्रिंट खराब' एवढंच सांगायचं.

कागदावर 11 गुण मिळवून सर्वांत वर असलेले अर्जदार इथे घसरले. तिसऱ्या वाक्याला त्यांनी निदान केलं, "टोनर संपला असेल," आणि पुढचा सगळा वेळ मला पटवण्यात घालवला. त्यांच्या नोंदीतही टोनरच होता. वाचनालयवाल्या बाईंचे प्रश्न चांगले होते, पण मी आवाज चढवल्यावर त्या गप्प झाल्या आणि नोंद अर्धवट राहिली. निवड झाली ती 8 गुणांवर बरोबरीत असलेल्या दोघांपैकी एकाची. त्यांनी आधी एका वाहतूक कंपनीच्या बुकिंग खिडकीवर काम केलेलं होतं. त्यांनी मला मधेच थांबवलं: "साहेब, ते पान तुमच्या हातात आहे का? मला वाचून दाखवा, खूण कुठे कुठे आहे?" नोंदीत लिहिलं होतं: 'काळी खूण, पानावर तीन वेळा, अंतर सारखं वाटतं (ग्राहकाने मोजलेलं नाही).' कंसातली ती सावधगिरी पाहून मालकीणबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सहाच जण बोलवायचे या आकड्याला चिकटून चिठ्ठी टाकली असती तर हा माणूस सुटण्याची शक्यता निम्मी होती. दहा-दहा ओळींच्या उत्तरांवर दिलेल्या गुणांत 8 आणि 9 यांच्यात फारसं अंतर नसतं. 5 आणि 9 यांच्यात असतं. कागदावरची यादी कुणाला फोनच्या चाचणीपर्यंत आणायचं एवढंच ठरवते, म्हणून मुलाखतीत गुणांची पाटी पुन्हा कोरी केली होती.

तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवड्यांची नोंद धरली. मालकीणबाईंचे फोनवरचे तास 26 वरून 8 वर आले होते. गरज नसताना घातलेल्या खेपा 11 वरून 3, चुकीच्या पार्टमुळे झालेल्या दुसऱ्या खेपा 9 वरून 4.

पण तिसऱ्या आठवड्यात एक घोटाळा होऊन गेला होता. समन्वयकांनी एकाच दुपारी तीन ग्राहकांना 'आजच येतील' असा शब्द दिला. मालकीणबाईंना त्यांतल्या एकाकडेच पोचता आलं. दोन करार तुटता तुटता वाचले. त्यांना जाब विचारायला त्या निघाल्या, तेव्हा मी आमचं वर्णन पुन्हा वाचायला लावलं. भेट ठरवणं हे मुख्य काम, असं आम्ही ठळक लिहिलं होतं; पण कुठल्या गोष्टीचा शब्द स्वतः द्यायचा आणि कुठल्या गोष्टीसाठी विचारायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. सात वर्षं सगळे निर्णय एकाच डोक्यात होत असल्याने ते लिहायचे असतात हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिघांनी बसून वर्णनात एक परिच्छेद वाढवला. पुढच्या कामकाजाच्या दिवसापासूनची कुठलीही मोकळी वेळ समन्वयकांनी स्वतः द्यायची. त्याच दिवसाची भेट, करारात नसलेला पार्ट आणि बिलातली सूट यांसाठी आधी मालकीणबाईंना विचारायचं. अर्ध्या तासात उत्तर आलं नाही, तर ग्राहकाला 'उद्या' सांगायचं आणि त्यावर नंतर बोल लावायचा नाही. हे शेवटचं कलम समन्वयकांनी स्वतः मागून घेतलं.

आता तंत्रज्ञाच्या पदाचं वर्णन लिहायला घेतलं आहे. त्यात हा परिच्छेद सर्वांत आधी लिहिला, आणि वेळेची नोंद या खेपेला दोघांच्याही वह्यांमधून घेतली.